नापास गाडी वीस मिनिटांत पास कशी झाली?

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी बीएस-४ आहे. पीयूसी काढायला गेलो तेव्हा रांग मोठी होती, म्हणून गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास थांबलो. नंबर लागला आणि गाडी चाचणीत नापास झाली. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "काका, हायवेवर वीस मिनिटं पळवून आणा, मग बघू." तसं केलं, तर गाडी पास झाली, आणि तीही चांगल्या आकड्यांनी. मधल्या वेळात इंजिनला कोणी हात लावला नव्हता. त्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे "कॅट थंड झाला होता." दोन्ही वेळचे आकडे सोबत पाठवतो आहे. यात काही हातचलाखी आहे का? आणि एक जुनी शंका : कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन संपवायचं तर त्यांना ऑक्सिजन द्यावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन मात्र काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात ही दोन उलटी कामं कशी होतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हातचलाखी नाही. त्या मुलाचं निदान बरोबर होतं आणि तुमच्या आकड्यांतून ते सिद्धही करता येतं. पण त्यासाठी आधी तुमच्या जुन्या शंकेकडे वळावं लागेल, कारण सगळी मेख तिथंच आहे.

या तीन वायूंची नावं आपण एका दमात घेतो, पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या कारणांनी होतो. पेट्रोलमधल्या कार्बनला जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हायड्रोकार्बन म्हणजे ज्वाला न पोचलेलं पेट्रोल. पिस्टनच्या रिंगांजवळच्या बारीक फटींत आणि सिलिंडरच्या थंड भिंतीलगत ते लपून राहतं आणि एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र वाईट ज्वलनाचं पाप नव्हेत. ज्वाला साधारण १८०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. म्हणजे मोजूनमापून हवा देऊन इंजिन चांगलं तापवून चालवलं, तर पहिले दोन वायू कमी होतात आणि तिसरा वाढतो. नुसतं ट्यूनिंग करून तिन्हींचा बंदोबस्त होत नाही तो यामुळे. उरलेली स्वच्छता इंजिनाबाहेर, एक्झॉस्टच्या नळीतच करावी लागते.

ती करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऊर्फ कॅट, बाहेरून साधा दिसतो. पत्र्याच्या आत कॉर्डिएराइट नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचा ठोकळा असतो आणि त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रं असतात. दर चौरस इंचाला साधारण ४०० छिद्रं हे नेहमीचं प्रमाण. छिद्रांच्या भिंतींना अ‍ॅल्युमिनाचा अतिशय खडबडीत, सच्छिद्र लेप दिलेला असतो आणि त्या लेपावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचे डोळ्यांना न दिसणारे कण विखुरलेले असतात. मौल्यवान धातू सगळा मिळून काही ग्रॅमच. पण लेपाच्या सच्छिद्रपणामुळे लिटरभर आकाराच्या ठोकळ्यात तीन-साडेतीन एकर पृष्ठभाग मावतो. धूर या डब्यात सेकंदाचा दहावा भागसुद्धा थांबत नाही. तेवढ्यात काम उरकायचं, तर एवढी जागा हवीच.

आता धातूच्या पृष्ठभागावर काय घडतं ते पाहू. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू प्लॅटिनमला येऊन चिकटतो. शेजारी ऑक्सिजनचा रेणू येऊन बसतो आणि बसताच त्याचे दोन अणू सुटे होतात. त्यातला एक मोनॉक्साइडला मिळतो आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जागा पुन्हा रिकामी. धातू खर्च होत नाही, म्हणूनच त्याला उत्प्रेरक म्हणायचं. हायड्रोकार्बनचंही असंच होतं, फक्त त्यांचे रेणू मोठे असल्यानं ते तुकड्यातुकड्यानं जळतात आणि सोबत पाण्याची वाफही निघते. प्लॅटिनमवर हे कसं घडतं याचा पायरीपायरीनं छडा लावणारे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्ट्ल यांना २००७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या साखळीत एक अडचण आहे आणि तुमची गाडी तिथंच अडली होती. कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला फार घट्ट चिकटतो. डबा थंड असला की सगळ्या जागा तोच अडवून बसतो, ऑक्सिजनला टेकायलाही जागा उरत नाही आणि काम ठप्प होतं. साधारण २५० ते ३०० अंशांच्या घरात पोचल्यावर मोनॉक्साइडचे रेणू सुटू लागतात, मधे मधे जागा मोकळ्या होतात, तिथं ऑक्सिजन शिरतो आणि मग क्रिया झपाट्यानं पेट घेते. तिच्यातून उष्णता निघते, उष्णतेनं आणखी जागा मोकळ्या होतात. त्यामुळे डबा हळूहळू जागा होत नाही, थोड्याशा अंशांच्या फरकात तो जवळजवळ बंदचा जवळजवळ पूर्ण चालू होतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिला अर्धा-एक मिनिट इंजिन चढ्या आवाजात फिरतं ते यासाठीच. इंजिनाचा संगणक त्या वेळी मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅट लवकर तापावा. नव्या गाड्यांत कॅट इंजिनाला अगदी खेटून बसवतात, त्याचंही कारण हेच. घरून निघून कोपऱ्यावरून दूध आणण्यापुरती गाडी काढली, तर त्या फेरीत कॅटनं धड काम केलेलंच नसतं.

आता नायट्रोजनचे ऑक्साइड. हे खातं रोडियमकडे. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू रोडियमवर बसला की त्याचे दोन तुकडे होतात, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. दोन नायट्रोजन एकत्र येऊन साध्या नायट्रोजन वायूच्या रूपात निघून जातात, म्हणजे हवेतून आले तसेच हवेत परतले. मागे राहिलेला ऑक्सिजन मात्र रोडियमला धरून बसतो आणि तो हलेपर्यंत पुढच्या रेणूला जागा नसते. त्याला हलवतं कोण? कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं इंधन आणि धुरात असणारा थोडासा हायड्रोजन. मोनॉक्साइड तो ऑक्सिजन उचलतो आणि स्वतः डायऑक्साइड होऊन जातो. तुमच्या शंकेचं उत्तर हे असं आहे : देणारा आणि घेणारा यांची गाठ तिथंच पडते. नायट्रोजनकडून काढलेला ऑक्सिजन मोनॉक्साइडच्या कामी येतो. एका विषावर दुसऱ्याचा उतारा.

पण हा व्यवहार हिशोब अचूक असेल तरच जमतो. धुरात फुकटचा ऑक्सिजन जास्त झाला, तर मोनॉक्साइड त्याच्याशीच जुळून संपतो, रोडियम साफ करायला कोणी उरत नाही आणि नायट्रोजनचे ऑक्साइड जसेच्या तसे बाहेर पडतात. उलट पेट्रोल जास्त झालं, तर ते ऑक्साइड छान संपतात, पण मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उरतात. तिघांचा एकाच वेळी नव्वद टक्क्यांहून अधिक निकाल लागण्याची पट्टी फारच अरुंद आहे. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, आणि त्यातही फरक टक्काभराच्या आत. हवा आणि पेट्रोल नेमक्या हिशोबात असतील तर लॅम्डा १.०० म्हणतात. आकडा खाली गेला तर पेट्रोल जास्त, वर गेला तर हवा जास्त. (सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपासच हवा लागते, पण लॅम्डा १.०० म्हणजे १.००च. म्हणून अभियंते हवेच्या प्रमाणापेक्षा लॅम्डाच्या भाषेत बोलतात.)

कार्ब्युरेटरला एवढी अचूकता झेपणारी नव्हती. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून गाड्यांना कॅट बसू लागले, पण ते फक्त मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळणारे होते. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यांना आवरत नव्हते. कोडं सुटलं ते धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरमुळे. व्होल्वोनं १९७६ साली, कॅलिफोर्नियात विकायच्या १९७७च्या मॉडेलसाठी, बॉशनं बनवलेला असा सेन्सर आणि तिहेरी काम करणारा कॅट यांची जोडी बाजारात आणली. आजही तुमच्या गाडीत हीच पद्धत आहे. कॅटच्या आधी एक सेन्सर असतो. पेट्रोल जास्त असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्ट. ते पाहून संगणक पेट्रोल थोडं कमी करतो, मग थोडं वाढवतो, पुन्हा कमी करतो. म्हणजे मिश्रण नेमक्या रेषेवर कधीच स्थिर नसतं, रेषेच्या अल्याड-पल्याड सेकंदा-दोन सेकंदांनी झुलत राहतं.

मग झुलण्याच्या त्या क्षणांत एकेका वायूची सुटका होत नाही का? झाली असती, पण लेपात आणखी एक पदार्थ मिसळलेला असतो, सेरियम ऑक्साइड. हवा जास्त झाली की तो जादा ऑक्सिजन स्वतःत सामावून घेतो, पेट्रोल जास्त झालं की तोच ऑक्सिजन सोडून देतो. मला विचाराल तर या डब्यातला सर्वांत हुशार पदार्थ हाच. सगळं कौतुक प्लॅटिनमचं होतं, चोऱ्या होतात त्या रोडियमच्या भावामुळे, आणि हिशोब जुळवत बसतो तो सेरियम, ज्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

कॅट म्हातारा झाला आहे की नाही तेही सेरियमवरूनच कळतं. कॅटच्या नंतर दुसरा सेन्सर असतो. कॅट धडधाकट असेल तर पुढच्या सेन्सरचं झुलणं सेरियम आतल्या आत जिरवतो आणि मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो. सेरियमची साठवण संपत आली की मागचाही पुढच्यासारखा झुलू लागतो. ते पाहून संगणक डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लावतो आणि मेकॅनिकच्या स्कॅनरवर P0420 हा कोड येतो. लक्षात घ्या, गाडी स्वतः एकही विषारी वायू मोजत नाही. ऑक्सिजनच्या हालचालीवरून ती अंदाज बांधते. म्हणून हा कोड दिसला की लगेच नवा महागडा कॅट घ्यायला धावू नये. आधी एक्झॉस्टच्या जोडाला गळती आहे का आणि मागचा सेन्सर ठीक आहे का, हे पाहून घ्यावं.

आता तुमचे आकडे. पहिल्या वेळी, गाडी उभी असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.६२ टक्के, हायड्रोकार्बन २४० पीपीएम (म्हणजे दहा लाखांत २४० भाग), कार्बन डायऑक्साइड १४.२ टक्के, ऑक्सिजन ०.६ टक्के, लॅम्डा १.००. मर्यादा मोनॉक्साइडला ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनला २०० पीपीएम, त्यामुळे दोन्हींत नापास. दुसऱ्या वेळी मोनॉक्साइड ०.०४, हायड्रोकार्बन २०, डायऑक्साइड १४.९, ऑक्सिजन ०.१ आणि लॅम्डा पुन्हा १.००.

सगळे जण मोनॉक्साइडचा आकडा पाहतात. तुम्ही आधी लॅम्डा पाहा. यंत्र लॅम्डा काढतं तो धुरातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंचा हिशोब मांडून. अणू मोनॉक्साइडमध्ये असोत की डायऑक्साइडमध्ये, एकूण संख्या तीच राहते. म्हणून कॅट चालू असो वा बंद, लॅम्डा बदलत नाही. तो इंजिनाचा आकडा आहे, कॅटचा नव्हे. तुमचा लॅम्डा दोन्ही वेळी १.०० आहे, म्हणजे इंजिनानं दोन्ही वेळी पेट्रोल आणि हवा बरोबर मोजूनच घेतली होती. बिघाड इंजिनाचा नव्हता.

पुढचा पुरावा ऑक्सिजनचा. पहिल्या वेळी धुरात ०.६२ टक्के मोनॉक्साइड होता आणि त्याच्या सोबतीला ०.६ टक्के ऑक्सिजनही होता. तेवढा मोनॉक्साइड जाळायला त्याच्या निम्मा, म्हणजे ०.३१ टक्के ऑक्सिजन पुरतो. २४० पीपीएम हायड्रोकार्बनांना आणखी साधारण ०.२३ टक्के. बेरीज ०.५४. म्हणजे सगळं जाळायला लागणारा ऑक्सिजन धुरात हजर होता, तरी दोघेही एकाच डब्यातून एकमेकांना न भेटता बाहेर आले. भेट घडवणारा कॅट झोपलेला होता, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही. उभ्या गाडीत इंजिनाचं पाणी तासभर कोमट राहतं, पण कॅट त्यापेक्षा लवकर निवतो, आणि नुसत्या आयडलिंगवरच्या धुरात त्याला पुन्हा तापवण्याइतकी धग नसते. वीस मिनिटं वेगात चालवल्यावर तो तापला, मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम उतरले आणि डायऑक्साइड १४.२ वरून १४.९ वर गेला. नाहीसं काहीच झालं नाही, जळून रूप बदललं. हेही सांगितलं पाहिजे की हवामान तापवणारा कार्बन डायऑक्साइड कॅटमुळे कमी होत नाही, किंचित वाढतोच.

समजा, पहिल्या वेळी मोनॉक्साइड १.४ टक्के, ऑक्सिजन ०.१ आणि लॅम्डा ०.९६ आला असता, तर मी तुम्हाला गाडी पळवून आणायला सांगितलं नसतं. तिथं पेट्रोलच जास्त जातं आहे आणि जाळायला ऑक्सिजन नाही. अशा वेळी नवाकोरा, तापलेला कॅटही हतबल असतो. दोष गळक्या इंजेक्टरमध्ये किंवा पुढच्या सेन्सरमध्ये शोधावा लागतो. आणि गाडी नीट तापवूनही तुमचे पहिलेच आकडे लॅम्डा १.०० सह परत आले असते, तर मात्र कॅट गेला असं धरून चालायला हरकत नव्हती.

कॅट मरतो तो दोन रीतींनी. एक विषानं. शिसं धातूच्या कणांवर बसून त्यांना कायमचं झाकून टाकतं. म्हणूनच १९९५च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा तिथं शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. आज शिसं नाही, पण इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस तेच काम सावकाश करतो. गंधकही क्रिया मंदावतं. बीएस-४ पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा ५० पीपीएम होती, बीएस-६ मध्ये ती १० वर आली, याचा फायदा तुमच्या जुन्या गाडीलाही होतो आहे.

दुसरा मृत्यू उष्णतेचा, आणि तो झटपट येतो. एखादा इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लग बिघडला की त्या सिलिंडरचं सगळं पेट्रोल न जळता हवेसकट कॅटमध्ये येतं आणि तिथं जळतं. आधी धातूचे बारीक कण एकमेकांना जुळून मोठे होतात, म्हणजे पृष्ठभाग घटतो. तापमान आणखी चढलं तर साधारण १४०० अंशांपुढे पोळंच वितळून छिद्रं बुजतात. गाडी ओढेनाशी होते, कारण धुराला बाहेर पडायला वाट नसते. कधी ठोकळा फुटून डब्यात खडखडतो. अशा वेळी काही गॅरेजांत पोळं फोडून डबा रिकामा करून देतात आणि गाडी पुन्हा पळूही लागते. तो उपाय करू नका. आयडलिंगला तुमच्या गाडीचे ते पहिले, नापास झालेले आकडेच मग कायमचे होतील.

पुढच्या वर्षी पीयूसीला जाताना गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून थेट केंद्रावर न्या आणि रांगेत इंजिन बंद करून फार वेळ थांबू नका. इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर काही दिवसांत दाखवा. तो लुकलुकत असेल तर सिलिंडर चुकतो आहे आणि त्या क्षणी पेट्रोल कॅटमध्ये जळतं आहे. पाय हलका करा, गाडी बाजूला घ्या आणि प्लग-कॉइल तपासल्याशिवाय पुढे दामटू नका. आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा, मात्र त्यांच्याकडून एक अपेक्षा ठेवू नका : पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत, त्यामुळे तुमच्या कॅटमधलं रोडियम अजून किती काम करतं आहे, हे या पावत्यांवरून कळणार नाही.